चावीचा दगड : बीव्हर आणि त्याचे बंधारे

जुन्या वाड्याच्या किंवा वेशीच्या दगडी कमानीखाली उभे राहून कधी वर पाहिले आहे का? दोन्ही बाजूंनी दगड एकमेकांवर चढत जातात आणि अगदी माथ्यावर, मधोमध, पाचरीसारखा एक दगड ठोकलेला असतो. हा चावीचा दगड. इतरांपेक्षा तो मोठा नसतो आणि त्याच्यावर भारही काही विशेष नसतो. पण तो काढून घेतला की दोन्ही बाजूंचे दगड खाली येतात.

प्राणिसृष्टीतही असा एखादा चावीचा दगड असतो. हा शब्द या अर्थाने प्रथम वापरला तो रॉबर्ट पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने, 1969 साली. त्यांनी त्याआधी समुद्रकाठच्या खडकावर एक साधा प्रयोग केला होता. खडकाच्या एका पट्ट्यातले तारामासे ते पुन्हा पुन्हा उचलून फेकून देत राहिले. तारामासे होते थोडकेच. पण ते गेल्यावर त्यांचे भक्ष्य असलेल्या शिंपल्यांनी सारा खडक व्यापला आणि तिथे राहणाऱ्या पंधरा जातींपैकी आठच उरल्या. म्हणजे व्याख्या अशी झाली : संख्येने थोडा, पण काढून टाकला तर भोवतालच्या पुष्कळ जिवांची बसलेली घडी विस्कटते, तो चावीचा प्राणी. माळावर गवत गेले तर गुरे उपाशी राहतील हे खरे. पण गवत मुळातच भरपूर असते, म्हणून त्याचा परिणामही मोठा. त्याला चावी म्हणायचे नाही.

तारामासा हे काम खाऊन करतो. आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तो प्राणी हे काम बांधून करतो. त्याचे नाव बीव्हर. आपल्या देशात तो नाही. एक जात उत्तर अमेरिकेत आणि दुसरी युरोप-आशियाच्या थंड भागात राहते. उंदीर-घुशींच्या गणातला हा प्राणी, पण वजन वीस-पंचवीस किलो, शेपूट गवंड्याच्या थापीसारखी चपटी, आणि पुढचे पटाशीचे दात नारिंगी रंगाचे. हा रंग दातांच्या कवचातल्या लोखंडाचा. दात जन्मभर वाढतात आणि जन्मभर झिजतात. त्या दातांनी तो उभे झाड बुंध्याशी कुरतडून पाडतो. मासे मात्र तो खात नाही. त्याचे अन्न झाडाची कोवळी साल, पाने आणि पाणवनस्पती.

मग बांधायचे कशासाठी? जमिनीवर बीव्हर संथ आहे. लांडगा किंवा अस्वल त्याला सहज पकडते. पाण्यात मात्र तो पटाईत. म्हणून त्याला घराभोवती खोल पाणी लागते. काटक्या-चिखलाचे त्याचे घर पाण्यात उभे असते आणि आत शिरायची वाट पाण्याखालून असते. पाणी उथळ झाले तर दार उघडे पडणार, आणि हिवाळ्यात ते तळापर्यंत गोठले तर दार बंदच होणार. मोठ्या नदीत पाणी मुळातच खोल, तिथे तो बंधारा घालण्याच्या भानगडीत पडत नाही. काठाला बीळ करून राहतो. आपल्या कृष्णेवर त्याला आणून सोडले तर तो बहुधा हेच करील. त्याचा बंधारा असतो ओढ्यावर.

बंधाऱ्याची रीत अशी. आधी तळाशी फांद्या आणि धोंडे रोवायचे, त्यांत काटक्या अडकवायच्या, मग वरच्या अंगाने चिखल आणि गवत लिंपायचे. चिखल तो शेपटीने थापतो असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. ते खरे नव्हे. चिखल तो पुढच्या पायांनी छातीशी धरून आणतो. शेपटीचा उपयोग पोहताना, बसताना टेकू म्हणून, आणि धोका दिसला की पाण्यावर फटकारा मारून घरच्यांना सावध करायला. बंधाऱ्यात भोक पडले की त्याला कळते ते वाहत्या पाण्याच्या आवाजावरून. स्वीडनमध्ये लार्स विल्सन यांनी वाहत्या पाण्याचा नुसता ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला, तर बीव्हरने त्या कर्ण्यावरच काटक्या रचायला सुरुवात केली!

आपल्याला बंधारे नवे नाहीत. पावसाळा सरला की कृष्णा-वारणेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे घालायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला ते काढायचे, हे तुम्ही म्हैसाळच्या अंगाला पाहिलेच असेल. बीव्हरच्या बंधाऱ्यात दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे तो बारमाही असतो. दुसरी, तो गळका असतो. पाणी काटक्यांतून झिरपते, माथ्यावरून सांडते, बाजूने वळसा घालून शेतात-रानात पसरते. एका ओढ्यावर असे पाच-सात बंधारे एकाखाली एक असले, म्हणजे धावणारे पाणी पायऱ्या उतरल्यासारखे थबकत थबकत जाते. थबकलेले पाणी जमिनीत मुरते आणि काठाची पाणीपातळी वर येते.

आता कोण येते आणि कोण जाते ते पाहू. पाणी तुंबले की काठची झाडे मुळे कुजून उभ्या उभ्या मरतात. पाहणाऱ्याला वाटते, नासाडी झाली. पण त्या वठलेल्या खोडांत सुतारपक्षी भोके पाडतात, ती भोके सोडून गेले की त्यांत काही जातींची बदके अंडी घालतात, आणि शेंड्यांवर बगळे घरटी बांधतात. संथ पाण्यात बेडूक येतात, चतुरांची पिल्ले वाढतात. ती खायला मासे आणि माशांमागे पाणमांजर. पाणवनस्पती माजतात, त्या खायला मूस नावाचे सांबराहून थोरले हरीण पाण्यात उतरते. वाहत्या पाण्यातच जगणारे किडे आणि मासे मात्र त्या डोहातून निघून जातात आणि दोन बंधाऱ्यांच्या मधल्या खळाळात राहतात. म्हणजे बीव्हर सगळ्यांचेच भले करतो असे नव्हे. एकाच ओढ्यावर तो डोह, दलदल आणि खळाळ अशा तीन वस्त्या करतो, म्हणून एकूण जाती वाढतात.

पुढे काही वर्षांनी झाडे संपतात, बीव्हर दुसरीकडे जातो, बंधारा फुटतो. तळाशी साठलेला गाळ उघडा पडतो आणि त्यावर गवताचे कुरण उगवते. नदीकाठची मळीची जमीन ज्याने कसली आहे, त्याला त्या गाळाचे मोल सांगायला नको.

हे सारे बीव्हरमुळेच होते, की पावसामुळे, असे कोणी शिक्षक विचारील, आणि विचारावेच. याचे उत्तर कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतातल्या एल्क आयलंड या राष्ट्रीय उद्यानात मिळाले. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने तिथला बीव्हर पार संपला होता. 1941 साली तो पुन्हा आणून सोडला. ग्लिनिस हूड आणि सुझान बेली या दोन संशोधक बाईंनी 1948 ते 2002 या काळातली विमानातून घेतलेली छायाचित्रे मांडून, दर वेळी उघडे पाणी किती आणि बीव्हरची नांदती घरे किती, हे मोजले. पाऊस आणि तापमान यांचाही हिशेब घेतला. 2008 साली त्यांनी निष्कर्ष छापला. पाण्याच्या क्षेत्रात जो चढउतार होता, त्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग नांदत्या घरांच्या संख्येशी जुळत होता. पावसाचा वाटा त्यामानाने थोडा. बीव्हर असलेल्या काळात उघडे पाणी सुमारे नऊपट होते. 2002 हे वर्ष तिथे भयंकर कोरडे गेले. 1950 सालीही दुष्काळच होता, पण इतका कडक नव्हे. तरी 2002 साली पाणी 1950 पेक्षा जास्त होते, कारण मधल्या काळात बंधारे घालणारा परत आला होता.

मग हा दगड कमानीतून निघाला कसा? टोपीपायी. बीव्हरच्या अंगची मऊ लव दाबून युरोपात उंची टोप्या बनत. या व्यापारासाठीच 1670 साली हडसन्स बे कंपनी निघाली. कोट्यवधी बीव्हर होते ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लाखाच्या आसपास उरले, आणि युरोप-आशियात तर हजार-बाराशेच. बंधारे दुरुस्त करणारा गेला, बंधारे फुटले, पाणी एकाच धारेने धावू लागले आणि ओढ्यांनी आपली पात्रे खोल खणली. काठची पाणीपातळी उतरली, आणि वाळुंजाची झाडे वाळली.

आता बीव्हर आणून सोडला की झाले, असे वाटेल. पण तसे सोपे नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात पात्रे इतकी खोल गेली होती की वाळुंज पुरेसे उगवेना, आणि वाळुंज नाही तर बीव्हरला खायला नाही, बांधायलाही नाही. संशोधकांनी काही ओढ्यांवर माणसांकरवी लहान बंधारे घालून पाहिले. तिथे पाणी वर आले आणि वाळुंज चांगले उंचावले. निघालेला दगड परत बसवायचा तर आधी कमानीला टेकू द्यावा लागतो.

आणि चावी प्रत्येक कुलपाला लागत नाही. 1946 साली अर्जेंटिनाने कातड्याच्या धंद्यासाठी कॅनडातले बीव्हर दक्षिण टोकाच्या तिएरा देल फ्वेगो बेटावर सोडले. तिथे लांडगा नाही, अस्वल नाही. बीव्हर लाखाच्या घरात गेले. उत्तरेतला वाळुंज तोडला तरी बुडातून पुन्हा फुटतो, कारण त्याचा आणि बीव्हरचा सहवास फार जुना. दक्षिणेतली बीचची झाडे तशी सहसा फुटत नाहीत. तिथे काठची राने मेली ती मेलीच. प्राणी तोच, बंधारा तोच. पण ती कमान त्याच्याशिवाय उभी होती. म्हणून एखादा प्राणी चावीचा आहे असे म्हणताना, कोणत्या ठिकाणचा, हे लगेच जोडावे लागते.

शिक्षक बंधूभगिनींना एक सुचवितो. पावसाळा संपून ओढा निवळला की मुलांना घेऊन जा. खळाळातला एक धोंडा उचलून उलटा करा आणि त्याला चिकटलेले किडे पाहा. मग आपल्याच गावच्या बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यातला धोंडा उचला. दोन्हींवरचे जीव पांढऱ्या थाळीत थोड्या पाण्यात घेऊन शेजारी ठेवा. खळाळातले बहुधा चपटे आणि पायांनी घट्ट धरून बसणारे, संथ पाण्यातले पोहणारे किंवा चिखलात रुतणारे दिसतील. पाणी एकच, अंतर पन्नास पावलांचे. मुले मोजतील, नोंदवतील, आणि मग त्यांना विचारा : हा बंधारा माणसाने घातला; जिथे माणूस नव्हता, तिथे तो कोणी घातला असेल?