मध्यरात्र ओलांडणारा ओव्हरटाइम

कामगार रात्री 10 वाजता कारखान्यात शिरला, सकाळी साडेआठला बाहेर पडला. 8:30 मधून 22:00 वजा केले, तर उत्तर उणे साडेतेरा येतं. त्यात 24 मिळवा, साडेदहा तास होतात. अर्ध्या तासाची सुट्टी वगळता काम 10 तासांचं. एक्सेलमध्ये `=MOD(B2-A2,1)` हेच करतं.

खरी चूक पुढे होते. हजेरी बाराच्या ठोक्याला तोडली, तर एका दिवशी 2 तास, दुसऱ्या दिवशी 8, ओव्हरटाइम शून्य! 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 57 ने मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच धरले. म्हणून त्या कायद्यानुसार नऊ तासांवरचा एक तास दुप्पट दराचा ठरायचा. पगारपत्रकात ओव्हरटाइम नक्की तपासा.