नंबर एक, घड्याळं दोन

लातूरहून हैदराबादला इंजिनिअरिंगला गेलेल्या एका मुलीच्या वसतिगृहात तिच्या जुन्या सिमला रेंजच नव्हती. तिने पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं आणि जुनं सिम एका साध्या फोनमध्ये घालून कपाटात ठेवलं. आधार, बँकेचं खातं, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळीकडे नोंदलेला नंबर मात्र तोच जुना होता.

जुलैच्या सुरुवातीला पॅक संपला आणि त्यापाठोपाठ इनकमिंगही बंद झालं. "ओटीपी लागेल तेव्हा रिचार्ज मारू," असा तिचा हिशेब होता. तो चुकला, कारण पॅकची व्हॅलिडिटी आणि नंबरचं आयुष्य ही दोन वेगळी घड्याळं आहेत.

ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरलाच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, इंटरनेटचा वापर, यातलं काहीही वापर म्हणून धरलं जातं. पण इनकमिंगच बंद पडलं, की नुसता फोन चालू ठेवून काही उपयोग नसतो.

इथे एक पळवाट नियमातच आहे. मुख्य बॅलन्समध्ये किमान २० रुपये असतील, तर ९० दिवसांनंतर कंपनी त्यातून जास्तीत जास्त २० रुपये कापून नंबर आणखी ३० दिवस राखते. बॅलन्स पुरेल तोवर हे चालू राहतं. मात्र अनलिमिटेड पॅकचे पैसे मुख्य बॅलन्समध्ये पडत नाहीत. त्यासाठी वेगळा टॉप-अप मारावा लागतो. या मुलीचा शेवटचा वापर १ जुलैचा. बॅलन्समध्ये ४० रुपये असते, तर नंबर नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत टिकला असता. होते फक्त ७ रुपये. सप्टेंबरअखेर नंबर बंद झाला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ओटीपी हवा होता, तेव्हा हे लक्षात आलं. सुदैवाने बंद झाल्यावर १५ दिवसांची सवलत असते. पण सिम बाबांच्या नावावर! शेवटी बाबा आधार घेऊन लातूरच्या गॅलरीत गेले, तेव्हा नंबर सुरू झाला.

पुढे तिने तो नंबर हैदराबादेत रेंज असलेल्या कंपनीकडे पोर्ट करून घेतला. जुलै २०१५पासून राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो. `PORT`, मग एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवला, की कोड येतो. मात्र त्या वेळी नंबर चालू हवा आणि सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत. पोर्ट केल्याने सिमची मालकी बदलत नाही, त्यामुळे कागदपत्रं बाबांचीच लागली.

बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि मग आपले ओटीपी त्याच्या फोनवर जाऊ शकतात. म्हणून जुना नंबर सोडायचाच असेल, तर तो चालू असतानाच आधी बँकेत आणि आधारमध्ये नवा नंबर नोंदवून घ्या.