गाडीखाली काय सांडलंय?

सकाळी सकाळी गॅरेजवाल्याच्या व्हॉट्सॲपवर फोटो येतो. फरशीवर ओला डाग, बाजूला अर्धवट दिसणारं चाक आणि खाली प्रश्न, ‘गाडी चालवू का?’ फोटोवरून बरंच काही सांगता येतं, पण लोक नेमकं डागाच्या आकाराला घाबरतात. एसी लावून दमट हवेतून आलेल्या गाडीखाली पाण्याचं चांगलं डबकं साचतं आणि त्यात काळजीचं काहीच नसतं. उलट चाकाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा तेलकट डाग दिसला, तर ती गाडी जागेवरून हलवू नये.

मोबाइलचा कॅमेरा रंगाच्या बाबतीत भरवशाचा नाही. पार्किंगच्या पिवळ्या दिव्यात हिरवं तपकिरी दिसतं, आणि काळ्या डांबरावर तर सगळंच काळं. म्हणून रात्री गाडीखाली, ठिबकतंय तिथे, पांढरा पुठ्ठा किंवा आइस्क्रीमचा रिकामा पांढरा डबा सरकवून ठेवावा आणि सकाळी उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढावा. दुसरा फोटो चार पावलं मागे जाऊन, चाकं आणि बंपर दिसतील असा. गॅरेजवाल्याला रंगाइतकीच जागाही हवी असते. अर्थात जागाही कधी फसवते. उतारावर ओघळ वाहत जातो आणि इंजिनाखाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर गळती एकीकडे आणि ठिबक भलतीकडे.

आता एक नेहमीचा फोटो घेऊ. छोटी हॅचबॅक, पुढच्या बंपरच्या थोडं मागे लालसर-गुलाबी डाग. लाल रंगाचे दावेदार मुख्यतः तीन: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, पॉवर स्टिअरिंगचं तेल आणि कूलंट. कूलंट म्हटलं की हिरवं आठवतं, पण ते गुलाबी, नारिंगी, निळंही मिळतं. मग फोटोबाहेरचा प्रश्न विचारायचा: गिअर हाताने टाकता का? हो. स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं का? हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तसंच असतं. म्हणजे या गाडीत लाल तेल असायचं कारणच नाही. दोन दावेदार बाद झाले, उरलं कूलंट. खात्री करायची तर डब्यातल्या थेंबांवर थोडं पाणी ओतावं. तेल वर तरंगतं, कूलंट पाण्यात विरघळून जातं.

पुढे घाई किती, हे डागावरून नाही, कूलंटच्या टाकीवरून ठरतं. बॉनेट उघडून, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीवरच्या कमाल-किमान रेघा पाहाव्यात. पातळी दोन्हींच्या मध्ये असेल तर तापमानाचा काटा किंवा दिवा बघत जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल. किमान रेघेखाली असेल तर चालवू नये, कारण इंजिन तापलं की आत दाब चढतो आणि रात्रभर थेंबथेंब गळणारा पाइप रस्त्यावर धार सोडतो. इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं, तर किरकोळ पाइपाचं काम मोठ्या खर्चावर जातं. आणि इंजिन गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं.

पाण्याची ही युक्ती ब्रेक ऑइलपाशी मात्र चकवते. नाव ऑइल, हाताला बुळबुळीत, पण ते पाण्यात मिसळतं. रंग नवं असताना फिकट पिवळा, जुनं झालं की तपकिरी. फोटोत ते इंजिन ऑइल वाटू शकतं. फरक जागेचा: ब्रेक ऑइलचा डाग बहुधा चाकाशी असतो, कधी टायरच्या आतल्या बाजूने ओघळ आलेला दिसतो. असं दिसलं की ब्रेकची टाकी बघावी, पण ती भरलेली दिसली म्हणून निघू नये. गाडी टो करूनच न्यावी, ‘हळूहळू नेतो’ म्हणणं इथे चालत नाही. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूसुद्धा करू नये.

त्या मानाने इंजिन ऑइल जरा सबुरीने घेता येतं. मधासारखं किंवा काळं, इंजिनाखाली. सर्व्हिसिंगनंतर लगेच दिसलं तर फिल्टर किंवा ड्रेन बोल्ट नीट न बसल्याचा संशय आधी घ्यावा. डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर दोन-चार दिवस रोज बघत चालवता येतं. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला तर मात्र बाजूला घेऊन इंजिन बंद.

कूलंट निघालं तर फरशीही लगेच धुवून काढा आणि तो डबा पुन्हा वापरू नका. बहुतेक कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि पार्किंगमधली कुत्री-मांजरं ते चाटतात.