पोस्टर छापायला जाण्याआधीचा एक मेल

दिवाळीच्या पोस्टरला ‘ब्रँडला धरून नाही’ असं म्हटलं की मॅनेजरला तो आवडीनिवडीचा वाद वाटतो. ‘सणाला थोडं रंगीत नको का?’ हे उत्तर तयारच असतं. म्हणून ज्युनियर डिझायनरने आक्षेप मतासारखा मांडू नये. पोस्टर पाहणाऱ्याचं नेमकं काय नुकसान होतं आणि दुरुस्तीला किती वेळ लागेल, ते लिहावं.

समजा, एका सहकारी पतसंस्थेचं पोस्टर आहे. संस्थेचा लोगो गडद निळा. पोस्टरवर तो सोनेरी केलाय, खाली सावली दिली आहे आणि एका कोपऱ्यात पणतीला अगदी चिकटवलाय. पार्श्वभूमी केशरी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ठेवयोजनेचा मजकूर आणि शाखेच्या सुट्ट्या. शीर्षकातली अक्षरं पसरवून बसवल्यामुळे शिरोरेषा जागोजागी तुटली आहे. पोस्टर शाखेत लागणार आहे, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरही जाणार आहे.

अशा वेळी मेल साधारण असा असावा:

विषय: दिवाळी पोस्टर – छपाईपूर्वी तीन बदल, दोन तासांचं काम

नमस्कार मॅडम,

पोस्टरचा केशरी रंग आणि पणत्या छान दिसताहेत, त्या तशाच ठेवू या. आज संध्याकाळी फाइल प्रेसला जाण्याआधी तीन गोष्टी बदलाव्यात असं वाटतं.

१. मजकूर: केशरीवर पांढरी अक्षरं फोनवर नीट वाचता येत नाहीत. त्याऐवजी आपला निळा वापरला तर सुट्ट्यांच्या तारखा स्पष्ट दिसतील.

२. लोगो: सोनेरी लोगो आपल्या गाइडलाइनमध्ये नाही. पांढऱ्या पट्टीवर मूळ निळा लोगो ठेवून भोवती ठरलेली मोकळी जागा सोडते.

३. शीर्षक: अक्षरांमधलं जादा अंतर काढते, म्हणजे शिरोरेषा सलग होईल.

आधीचं आणि सुधारलेलं, दोन्ही पोस्टर सोबत जोडली आहेत. वेळ कमी असेल तर निदान पहिला बदल करू या. चार वाजेपर्यंत कळवलंत तर फाइल वेळेत प्रेसला जाईल.

मेल संपला. यातला पहिला मुद्दा मोजून दाखवता येतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या निकषानुसार स्क्रीनवरचा साधा मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्यात किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. केशरी #FF9933 वर पांढरा रंग ठेवला तर हे प्रमाण जेमतेम २.१ : १ भरतं, म्हणजे मोठ्या अक्षरांनाही ते पुरत नाही. त्याच केशरीवर #0B2A5B हा गडद निळा ठेवला तर प्रमाण सुमारे ६.६ : १ होतं. दोन रंगांचे कोड टाकले की हे प्रमाण सांगणारी मोफत साधनं इंटरनेटवर आहेत. हा निकष स्क्रीनसाठी आहे, छापील कागदासाठी नाही. त्यामुळे प्रेसकडून प्रूफ मागवून ते शाखेच्या उजेडात, चार पावलांवरून वाचून बघणं वेगळं करावंच लागतं.

लोगोचा मुद्दा पतसंस्थेच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. पैशांच्या नावाने खोटे संदेश फिरत असतात. ग्राहक खरं-खोटं ओळखतो ते सवयीच्या खुणांवरून, आणि लोगो ही त्यातली पहिली खूण. संस्थेनेच त्याचा रंग बदलला तर तिचा खरा निरोपही संशयास्पद वाटू शकतो. शिवाय नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत सोनेरी शाई नसते. स्क्रीनवर झळकणारं सोनं कागदावर मळकट पिवळं उतरतं.

तिसरा दोष देवनागरीचा. रोमन अक्षरं सुटी असतात, ती पसरवली तरी शब्द टिकतो. मराठी शब्दाला शिरोरेषा एकत्र बांधून ठेवते, ती तुटली की डोळा अडखळतो. शीर्षक रुंद हवं असेल तर अक्षरांचा आकार वाढवावा किंवा रुंद वळणाचा फॉन्ट घ्यावा.

मॅडम काय उत्तर देतील? कदाचित संचालकांनी हेच पोस्टर पसंत केलेलं असेल. ज्युनियरला ते माहीत असेलच असं नाही. म्हणूनच मेलमध्ये कोणी चूक केली याचा शब्दही नाही. सुधारलेला नमुना सोबत आहे, तो मॅडम संचालकांना तसाच दाखवू शकतात. तिन्ही बदल मान्य होणार नाहीत हे धरून सर्वांत गरजेचा बदल वेगळा सांगितलाय, कारण सुट्टीची तारीख वाचता आली नाही तर ग्राहकाला बंद शाखेपर्यंत हेलपाटा पडतो.

पोस्टर खटकलं तर आधी प्रमाण मोजा, सुधारलेला नमुना तयार करा आणि मगच मेल लिहा. तोही फाइल प्रेसला जाण्यापूर्वी, कारण पोस्टरं छापून आली की बदल सुचवून उपयोग नसतो.