स्टॉक पन्नास, हाताशी सव्वीस

नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात मोटर स्टार्टरचे पॅनेल जोडणारा एखादा लहान कारखाना डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला माल एकच, शेतीपंपाचा साधा डीओएल स्टार्टर. पुढे गिऱ्हाइकं मागत गेली तसा स्टार-डेल्टा आला, मग त्यांचे लहानमोठे प्रकार. आता मॉडेलं चौदा झाली आहेत. हिशेब टॅलीवर असतो. बिलं, जीएसटी, येणी-देणी सगळं चोख. तरीही कधी टेबलावर अर्धवट जोडलेले पॅनेल अडकून पडतात, कारण ऐन वेळी कॉन्टॅक्टर संपलेला असतो.

दोष अकाउंटंटचा नसतो. मॉडेलं वाढली की एकच सुटा भाग अनेक मालांत जायला लागतो, आणि गडबड तिथून सुरू होते. डीओएल स्टार्टरला एक कॉन्टॅक्टर लागतो. स्टार-डेल्टाला तीन लागतात. त्यांतला स्टारचा बहुधा लहान क्षमतेचा, उरलेले दोन सारखे. आपल्या कारखान्यात हे दोन आणि डीओएलमधला एक, असे तिन्ही एकाच मापाचे आहेत असं धरू.

आता ऑर्डर आली: 30 डीओएल आणि 20 स्टार-डेल्टा, 25 तारखेला माल पाठवायचा. या मापाचे कॉन्टॅक्टर लागणार 30 अधिक 40, म्हणजे 70. टॅलीत स्टॉक 50 दिसतो, पुरवठादाराकडून 20 यायचे आहेत. बेरीज बरोबर 70! मालक निर्धास्त होतो. पण त्या पन्नासांतले 24 मागच्या आठवड्यात स्वीकारलेल्या दुसऱ्या ऑर्डरला लागणार आहेत. ती ऑर्डर नोंदवलेली असते तयार पॅनेलच्या नावावर. तिच्या पोटात किती कॉन्टॅक्टर दडलेत हे स्टॉकच्या आकड्यात उमटत नाही. खरोखर मोकळे आहेत 26. येणारे 20 धरले तरी 24 कमी पडतात.

ईआरपी नेमकं हेच गणित करतं. प्रत्येक मॉडेलची भागांची यादी, म्हणजे बीओएम, त्यात भरलेली असते. ऑर्डर नोंदवताच यादी उलगडते, आधी गुंतलेला माल वजा होतो, आणि तारीखही मागे मोजली जाते: जोडणी-चाचणीला 4 दिवस, पुरवठादाराला 12 दिवस, म्हणजे 24 कॉन्टॅक्टरची खरेदी ऑर्डर 9 तारखेला निघायलाच हवी. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी साठच्या दशकात ती पद्धतशीर मांडली आणि 1975 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आजच्या ईआरपीतलं उत्पादनाचं गणित त्याच मुळावर उभं आहे.

टॅलीवर अन्याय नको. तिच्यातही बीओएम भरता येतो, उत्पादनाची नोंद करता येते, रीऑर्डर लेव्हल लावता येते. मात्र ती नोंद बहुतेक ठिकाणी माल तयार झाल्यावर होते, कधी कधी तर महिनाअखेरीस एकदम. मधल्या काळात पडद्यावरचा स्टॉक आणि रॅकवरचा माल यांचं जमत नाही. स्टॉक उणे दिसू लागला, की नोंदी मागे राहताहेत असं खुशाल समजावं.

नफ्याचंही तेच. ताळेबंद सांगतो की वर्ष फायद्यात गेलं. कोणत्या मॉडेलवर, हे सांगत नाही. स्टार-डेल्टाच्या वायरिंगला डीओएलपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, पण मजुरी सगळ्या पॅनेलवर सारखी वाटली तर महागडं मॉडेल स्वस्त दिसतं आणि त्याच भावात विकलं जातं. जॉब कार्डावर प्रत्येक कामाचा वेळ चढला, तरच हे उघड होतं.

तरी ईआरपी बसवलं की सुटलो, असं मुळीच नाही. स्टोअरमधून कारागिराने चिठ्ठीशिवाय दोन कॉन्टॅक्टर उचलले, किंवा टायमर बदलला पण बीओएम जुनाच राहिला, तर हे यंत्र चुकीचं गणित पूर्ण आत्मविश्वासाने करतं. टॅलीतली ढिलाई महिनाअखेरीस दुरुस्त करता येते. इथे ती दुसऱ्या दिवशी चुकीच्या खरेदीत उतरते. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टसारखी मुक्तस्रोत प्रणाली घेतली तर लायसन्सचा खर्च वाचतो, पण याद्या भरण्याचे, माणसांना शिकवण्याचे महिने वाचत नाहीत. दोन-तीन मॉडेलं आणि एकच मोठं गिऱ्हाईक असेल, तर टॅली आणि नीट ठेवलेलं स्टोअर रजिस्टर पुरतं.

म्हणून डेमो बघायला जाण्याआधी सर्वाधिक खपाच्या पाच मॉडेलांची भागांची यादी कागदावर लिहा आणि त्या भागांची रॅकवर जाऊन मोजणी करा. मोजणी आणि नोंद जुळत नसेल, तर आधी स्टोअरला कुलूप आणि चिठ्ठी लावा. ईआरपीचा खर्च त्यानंतर करा.