वडील गेल्याचं कळलं, आता काय लिहायचं?

सकाळी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एचआरचा निरोप येतो. अकाउंट्समधल्या एका सहकारी बाईंच्या वडिलांचं काल रात्री निधन झालं. बस, एवढंच. वय नाही, आजार नाही, अंत्यसंस्कार कुठे तेही नाही. त्या बाईंशी आपली ओळख बिलं पास करून घेण्यापुरती. थोड्याच वेळात ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. कोणी नुसते जोडलेले हात टाकतो, कोणी समई आणि फुलांचं तयार चित्र, आणि घाईघाईत एखाद्याचा अंगठाही वर होतो. आपल्याला मात्र त्यांना स्वतंत्रपणे दोन ओळी लिहायच्या असतात, आणि तिथेच गाडी अडते.

ग्रुपवरची श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहिलेली असते. त्याला आपण कधी पाहिलेलंही नसतं. आपल्याला लिहायचं आहे ते मागे राहिलेल्या सहकाऱ्याला. हे एकदा पक्कं झालं की वडिलांविषयी काहीतरी चांगलं लिहिलंच पाहिजे, हे दडपण जातं. अडचण खरी तिथूनच सुरू झालेली असते. माहिती नसताना लिहायला बसलं की हात सवयीच्या वाक्यांकडे जातो, आणि ती बहुतेक वाक्यं आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी गृहीत धरून चालतात.

‘सुटले बिचारे’ म्हणायला आधी दीर्घ आजार असावा लागतो. कदाचित माणूस काल संध्याकाळी भाजी घेऊन घरी आला असेल. ‘वयही झालं होतं’ हे तर आपण ऐकलेलंही नसतं. ऐकलं असतं तरी लेकीला ते सांगायचं कारण नाही. ‘पोरकं झाल्यासारखं वाटत असेल’ हे वाक्य घरात आई असेल तर तिला परस्पर वजा करून टाकतं. ‘आता घर तुम्हालाच सावरायचं आहे’ हा तर सरळ हुकूम आहे.

सर्वांत जपून वापरायचं वाक्य म्हणजे ‘पितृछत्र हरपलं’. ते इतकं रुळलेलं आहे की त्यात काही चुकू शकतं असं वाटतच नाही. पण सगळ्याच वडिलांनी छत्र धरलेलं नसतं. कुणाचे वडील लहानपणीच घर सोडून गेलेले असतात, कुणाच्या घरी वर्षानुवर्षं अबोला असतो. अशा माणसालाही दुःख होतंच, अनेकदा जास्त गुंतागुंतीचं. त्याला ‘त्यांची माया’, ‘त्यांचे संस्कार’ वाचावे लागले, तर आपल्या संदेशापुढे त्याला एक खोटं तोंड करून बसावं लागतं.

धर्माचंही तसंच. ‘आत्म्यास सद्गती लाभो’ हे हिंदू घरांत सहज चालतं, पण महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत ‘आदरांजली’ म्हणण्याची रीत आहे, कारण बौद्ध विचार आत्मा मानत नाही. काही जण कुठलाच परलोक मानत नाहीत. आडनावावरून अंदाज बांधण्यापेक्षा आत्म्याचा विषय न काढणं बरं.

कळलेल्या त्रोटक माहितीवर लांब उडी मारली की काय होतं, त्याचा एक प्रसिद्ध दाखला अमेरिकेतला आहे. आपल्या शाळांच्या भिंतींवर टांगलेलं ‘हेडमास्तरांना पत्र’ लिंकनचं असल्याचा पुरावा नाही, पण नोव्हेंबर 1864 मधलं बॉस्टनच्या मिसेस बिक्सबी यांना गेलेलं सांत्वनपत्र त्याच्या सहीने गेलं. ते त्याच्या सचिवाने, जॉन हे यांनी लिहिलं असावं, असंही काही अभ्यासक मानतात. युद्धखात्याच्या कागदांवरून कळलं होतं की या बाईंचे पाच मुलगे लढाईत पडले. प्रत्यक्षात दोनच मारले गेले होते. पत्रातला आकडा चुकला, तरी पत्र आजही वाचलं जातं. लिहिणाऱ्याने मुलांच्या स्वभावाबद्दल, शौर्याच्या प्रसंगांबद्दल एक अक्षरही रचलेलं नव्हतं. आपले शब्द या दुःखापुढे तोकडे आहेत हे त्याने आधीच मान्य केलं होतं आणि पत्र मोजक्या ओळींत संपवलं होतं.

मग आपल्याला ठाऊक काय आहे? एक, वडील गेले. दोन, हे कळल्यावर आपल्याला वाईट वाटलं. आणि तीन, ऑफिस. तिसरी गोष्ट बहुतेकांना सुचत नाही, पण सहकारी म्हणून नेमकी तीच आपल्या हातातली आहे. त्यांच्या घरातलं काही माहीत नसलं, तरी त्यांच्या टेबलावर या आठवड्यात काय अडकणार आहे ते आपल्याला माहीत असतं.

पहिला खर्डा साधारण असा होतो : ‘आपल्या वडिलांच्या दुःखद निधनाची वार्ता समजली. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो व आपणा सर्व कुटुंबीयांना हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. काहीही लागल्यास निःसंकोच सांगावे.’ यातला ईश्वर आणि आत्मा वर सांगितलेल्या कारणासाठी काढायचा. ‘सर्व कुटुंबीय’ही काढायचे, कारण त्या घरी एकट्या आहेत की भरल्या घरात, हे कुठे ठाऊक आहे? ‘काहीही लागल्यास सांगावे’ हे ऐकायला मोठ्या मनाचं वाटतं, पण काय लागेल ते शोधून आपल्याला कळवण्याचं काम ते त्यांच्याच गळ्यात घालतं. त्या वेळी दाखले, नातेवाइकांचे फोन आणि विधी यांत माणूस बुडालेला असतो. त्याजागी आपण स्वतः काय करणार आहोत ते लिहायचं. दुसरा खर्डा मग असा होतो :

‘तुमचे वडील गेल्याचं आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं. आमच्या विभागाची या महिन्याची बिलं मी तुमच्या साहेबांशी बोलून मार्गी लावतो, त्यासाठी तुम्हाला कोणाचा फोन येणार नाही. या मेसेजला उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.’

शेवटचं वाक्य मी कधीच गाळणार नाही. शंभर जणांना ‘धन्यवाद’ टाइप करत बसण्याचं ओझं किती असतं, ते ज्याच्यावर वेळ आली त्याला माहीत. बिलांचं आश्वासन मात्र पाळता येणार असेल तरच द्यावं. काहीच हातात नसेल, तर पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं, एवढंही पुरतं.

मराठीत आणखी एक बारीक अडचण येते. सहकाऱ्याला आपण ‘अगं’ म्हणत असलो तरी तिच्या आईला ‘गेली’ म्हणावं की ‘गेल्या’? ‘आई गेल्याचं कळलं’ अशी रचना केली की प्रश्न मिटतो. रोज ‘तू’ म्हणत असाल तर आज ‘आपण’वर येऊ नका, अचानक आलेला औपचारिकपणा परकेपणासारखा वाचला जातो. वरिष्ठांना लिहिताना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ एवढी भर पुरे.

साहेबाच्या संदेशाला वेगळं वजन असतं. ‘कामाची काळजी करू नका’ एवढं त्याने म्हटलं की वाचणारा उलट रजेचा हिशेब करायला लागतो. ‘रजेचा अर्ज आल्यावर द्या, तोवर तुमचं काम कोण बघणार ते मी ठरवलं आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

‘काय झालं होतं?’ हा प्रश्न संदेशातही नको आणि त्या रुजू झाल्यावर लिफ्टमध्येही नको. त्या दिवसांत तीच हकिगत त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेली असते. सांगावंसं वाटलं तर त्या स्वतःहून सांगतील. संदेशाला उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा तोच पाठवू नये. दहावं-तेरावं उरकून नातेवाईक पांगतात, फोन थांबतात, तेव्हा आणखी एक ओळ पाठवायला हरकत नाही : ‘सोमवारी येणार असाल तर जेवायला आमच्या टेबलावर या.’ आणि त्या आल्या, तर डब्याचं, पावसाचं, बिलांचं, जे रोज बोलतो तेच बोलावं.