संत्र्याला गॅस दिला तर ते पिकते का?

कृषी पदवीच्या काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो: पुढीलपैकी नॉन-क्लायमॅक्टेरिक फळ कोणते? मुले याद्या पाठ करतात. आंबा, केळी, पपई, चिकू, सफरचंद एकीकडे. द्राक्ष, डाळिंब, लिंबू, संत्रे, अननस दुसरीकडे. त्यांना एका गुणाचा हा प्रश्न सुटतो. मात्र ‘हिरव्या संत्र्याला इथिलीन दिल्यावर ते पिवळे होते, तरी ते नॉन-क्लायमॅक्टेरिक कसे?’ असे विचारले की यादी उपयोगी पडत नाही. मला हाच प्रश्न खरा वाटतो, कारण वखारीत फळ टिकवणाऱ्यालाही त्याचे उत्तर ठाऊक असावे लागते.

आधी केळी घेऊ. घड कापला तरी फळ श्वास घेतच असते. किड आणि वेस्ट या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात सफरचंदाचा श्वास मोजला. पिकायच्या सुमारास तो एकदम चढतो आणि मग उतरतो, असे त्यांना दिसले. या चढाला त्यांनी क्लायमॅक्टेरिक म्हटले. पिकणारे फळ स्वतःच इथिलीन वायू बनवते, हे गेन यांनी १९३४ साली सिद्ध केले. जून केळ्याला थोडे इथिलीन मिळाले की ते स्वतःचे इथिलीन बनवू लागते, आणि त्या इथिलीनमुळे आणखी बनते. गवताच्या गंजीला एका कोपऱ्यात ठिणगी लागावी तसे हे आहे. एकदा पेट घेतला की काडी बाजूला केली तरी फरक पडत नाही. हिरव्या केळ्यातला २० टक्क्यांच्या आसपासचा स्टार्च मग साखरेत बदलतो आणि पिकल्यावर जेमतेम एक-दोन टक्के उरतो.

म्हणूनच रायपनिंग चेंबरमध्ये वायू फक्त दिवसभर द्यावा लागतो. खोली ५० घनमीटरची आहे आणि १०० पीपीएम इथिलीन हवे आहे असे समजा. ५० घनमीटर म्हणजे ५०,००० लिटर हवा. दहा लाख भागांत १०० भाग म्हणजे लागणारा वायू अवघा ५ लिटर. तापमान १६ ते १८ अंश आणि दमट हवा ठेवून २४ तास झाले की दारे उघडून कर्बवायू बाहेर घालवायचा. हा वायू साठला तर पिकणे मंदावते. खोली ३० अंशांवर गेली तर गर मऊ होतो, पण साल हिरवीच राहते. असा माल दिसला की तापमान चुकले हे जाणकार लगेच ओळखतो.

आता संत्रे. नागपुरी संत्र्याच्या आंबिया बहारात रस गोड झालेला असतो, पण थंड रात्री पडलेल्या नसल्याने साल हिरवी राहते. तिला साधारण ५ पीपीएम इथिलीन दोन-तीन दिवस दिले की सालीतले हरितद्रव्य मोडते आणि आधीपासून असलेला पिवळा-नारिंगी रंग दिसू लागतो. यालाच डिग्रीनिंग म्हणतात. संत्र्यात स्टार्चचा साठा नसतो. त्याची गोडी झाडावर असताना पानांकडून येते आणि देठ तुटला की ती वाट बंद होते. आंबट संत्रे पिवळे केले तरी आंबटच राहते.

इथिलीन दिल्यावर संत्र्याचाही श्वास वाढतो, आणि इथेच विद्यार्थी गोंधळतात. पण मात्रा वाढवली तर संत्र्याच्या श्वासाची उंची वाढते आणि वायू काढून घेतला की श्वास पुन्हा खाली येतो. केळ्यात मात्रा वाढवली तर चढ लवकर येतो, उंची फारशी बदलत नाही, आणि नंतर वायू काढूनही तो थांबत नाही. पेपरात दोन आलेख देऊन फळ ओळखायला सांगितले, तर हा फरक पाहावा.

साठवणीचे नियम यातूनच निघतात. केळी हिरवी, जून अवस्थेत तोडून १३-१४ अंशांवर ठेवतात. त्याखाली साल राखाडी पडते आणि पुढे फळ नीट पिकत नाही. संत्रे आणि द्राक्षे मात्र खाण्यायोग्य झाल्यावरच तोडावी लागतात. साठवणीत ती सुधारत नाहीत, फक्त खराब होण्याचा वेग कमी करता येतो. त्यासाठी द्राक्षे शून्य अंशाजवळ, तर नागपुरी संत्री त्याहून थोड्या जास्त तापमानाला ठेवतात.

संत्र्याला इथिलीनने पिकवता येत नसले, तरी त्याची झळ त्याला लागतेच. पिकत्या केळ्यांशेजारी पेट्या ठेवल्या तर संत्र्याच्या देठाची हिरवी चकती वाळते, गळते आणि त्या जागेतून देठकुजीची बुरशी आत शिरते. संत्र्याची पेटी उघडल्यावर आधी देठ पाहावा, तो तपकिरी दिसला तर ती पेटी लवकर विकून टाकावी.